दिसतात दोन दशांश, बेरीज मात्र आतल्या तिसऱ्याची

"बिलाचा साचा पाच मिनिटांत! रकमेच्या रकान्याला दोन दशांशांचं फॉरमॅट लावा, खाली SUM, त्यावर कराचा टक्का, तळाला खाते क्रमांक. एक्सेल आहे, चुकणार नाही."

माझ्या भाचीने हे वाचून साचा बनवला आणि पहिलं बिल पाठवूनही दिलं. गिऱ्हाइकाने कॅल्क्युलेटर काढला, बेरीज जुळेना. मग फोन मला.

बिलात तीन रंगांचं कापड, प्रत्येकी दीड मीटर, दर 12.35. एका ओळीची रक्कम 18.525, दिसते 18.53. अशा तीन ओळींची हाताने बेरीज 55.59. एक्सेल मात्र आतल्या 18.525 ची बेरीज करतं आणि 55.58 दाखवतं. कर 5 टक्के, म्हणजे 2.78. शेवटी एकूण 58.35! अहो, 55.58 आणि 2.78 मिळूनसुद्धा 58.36 होतात. तिन्ही आकडे एकाच कागदावर आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नाही. फॉरमॅट फक्त दिसणं बदलतं, सेलमधली संख्या तशीच राहते. पूर्णांकन सूत्रातच हवं (B माप, C दर, D कराचा दर, E रक्कम):

```
=ROUND(B2*C2,2)
```

आता बेरीज 55.59, कर 2.78, एकूण 58.37. कुणीही ताडून बघावं.

खालच्या बेरजेवर एकच टक्का लावायचा, हे सगळ्या मालावर एकच दर असेल तर चालतं, एवढं मान्य. एकाच बिलात दोन दर आले की प्रत्येक दराची वेगळी ओळ लागते. कराचा दर D रकान्यात आणि A24 मध्ये सारखाच, 5% असा चिन्हासकट लिहून:

```
=ROUND(SUMIF(D$2:D$20,A24,E$2:E$20)*A24,2)
```

कर ओळीओळीला काढून पूर्णांकित केला तर इथेच 0.93 तीनदा, म्हणजे 2.79 होतो. युरोपच्या ई-बिलांचं मानक EN 16931 यात संदिग्धता ठेवत नाही: एका दराच्या मालाची करपात्र बेरीज आधी, तिच्यावर कर, मग दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन. तुमच्याकडचा कायदा वेगळं सांगत असेल तर तो पाळा, पण साच्यात पद्धत एकच ठेवा.

खाते क्रमांकाचा सल्ला मात्र घातकच. एक्सेल संख्येचे 15 च अंक जपतं. 16 अंकी क्रमांक टाकला की शेवटचा अंक गुपचूप 0 होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर कितीही अंकी क्रमांकातून गळतात. पैसे अडकतात किंवा भलत्याच खात्यात जातात. आधी सेल 'मजकूर' करा, मगच क्रमांक टाका. आधी टाकून नंतर फॉरमॅट बदललंत तर गेलेला अंक परत येत नाही. भाचीचा क्रमांक 14 अंकी होता आणि सुरुवात शून्याने नव्हती, म्हणून वाचली.