निकोटिन अंगातून गेलं तरी तलफ का उरते: एका प्रतिक्रियेला उत्तर

तंबाखू सोडल्यावरही तलफ का येते आणि त्यात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा हात कसा असतो, यावरच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलं:

"लेख वाचला, पटला नाही. सगळं डोपामिनवर ढकललं की माणूस मोकळा. निकोटिन तर चार दिवसांत अंगातून निघून जातं, मग आठ महिन्यांनी तलफ येते म्हणजे निव्वळ बहाणा. माझ्या वडिलांनी गाव सोडून पुण्याला आलो त्या दिवशी विडी टाकली, परत हात लावला नाही. मनावर घेतलं की सुटतं."

नमस्कार, निकोटिनचं तुम्ही म्हणताय ते खरंच आहे. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, म्हणजे दोन-चार दिवसांत संपलंच. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. पण आठ महिन्यांनी येणारी तलफ या त्रासातली नसतेच, ती वेगळ्या जागी बसलेली असते.

माझ्या काकांचं सांगतो. बावीस वर्षं तंबाखू, तोंडात पांढरा चट्टा दिसला तेव्हा सोडली. आठव्या महिन्यात शेतावर दुपारचं जेवण झालं, आंब्याखाली बसले होते, बाजूच्या गड्याने तंबाखू मळून वर दोन थापा मारल्या, टप टप, आणि काकांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर आपोआप फिरायला लागला. हातात काहीच नाही! काका म्हणाले, तोंडाला पाणी सुटलं तेव्हा कळलं मला. आता यात बहाणा कुठे आहे सांगा, विचार यायच्या आधी हात हलला होता.

हे का होतं ते मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून छान कळतं. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात पेटायच्या. मग ज्यूसच्या आधी दरवेळी एक खूण द्यायला लागले, तर काही दिवसांनी पेशी त्या खुणेलाच पेटायला लागल्या आणि ज्यूस मिळाला तरी गप्प, कारण तो येणार हे माहीतच होतं. आणि खूण होऊन ज्यूस आलाच नाही तर पेशींचं काम नेहमीपेक्षाही खाली जायचं. म्हणजे डोपामिन हे मजेचं रसायन कमी आणि शिकवणारा मास्तर जास्त, अपेक्षेपेक्षा चांगलं काही झालं की तो मेंदूला सांगतो, याच्या आधी काय होतं ते लक्षात ठेव.

जेवणाच्या बाबतीत हा मास्तर सवय झाली की गप्प बसतो. निकोटिन मात्र थेट त्या पेशींनाच ढोसतं (चुन्यामुळे ते गालाच्या आतून अजून पटकन शोषलं जातं), त्यामुळे हजाराव्या चिमटीलाही मेंदूला निरोप तोच, अपेक्षेपेक्षा भारी! दिवसाला दहा बार धरले तरी बावीस वर्षांत ऐंशी हजार वेळा हा धडा गिरवला गेला, आणि त्यात थापेचा आवाज, जेवणानंतरची वेळ, ती सावली, सगळं आलं.

तंबाखू सोडल्यावर निकोटिनमुळे मेंदूत वाढलेले रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या निकोटिन चिकटण्याच्या जागा, काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात, पण हा धडा पुसला जात नाही. नुसतं लांब राहून तर नाहीच. २००१ मध्ये कोकेनची सवय लावलेल्या उंदरांवरचं एक संशोधन आलं, त्यात खूण दिल्यावरची धडपड कोकेन बंद झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांपेक्षा दोन महिन्यांनी जास्त होती.

त्या दिवशी काकांनी एक चिमूट घेतली. नंतर मला म्हणाले, "मजा काहीच नाही आली रे, चुन्यानं गाल भाजला, पण लगेच दुसरी घ्यावीशी वाटत होती." हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि व्यसनाने फुगते ती पहिली.

आता तुमच्या वडिलांबद्दल. त्यांच्या जिद्दीला मनापासून नमस्कार, पण तुम्हीच लिहिलंय की गाव सोडलं त्या दिवशी. व्हिएतनाममधून १९७१ मध्ये परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला होता, तिथे जवळपास पाचातल्या एकाला हेरॉइनचं व्यसन लागलं होतं, पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यातल्या शंभरातल्या पाचेक जणांनाच ते परत जडलं. खुणा तिकडेच राहिल्या हे त्याचं एक मोठं कारण मानतात. तुमच्या वडिलांचा पार, ती मंडळी, ती वेळ गावातच राहिली. काकांना मात्र रोज त्याच आंब्याखाली जेवायचं होतं.

त्या चिमटीनंतर आम्ही ठरवलं की जागा टाळायची नाही, पण जेवण झाल्या झाल्या बडीशेप तोंडात आणि दहा मिनिटं घड्याळ बघायचं, कारण तलफेची लाट सहसा तेवढ्यात उतरते. खूण झाली आणि तंबाखू आली नाही, असं त्याच जागी पुन्हा पुन्हा घडलं की जुन्या धड्यावर नवा धडा बसतो. जुना खाली असतोच. चार महिन्यांनी शेतावर त्यांना काही वाटेनासं झालं, आणि मग एका लग्नात मांडवामागे कुणीतरी थाप मारली तर अंगठा पुन्हा हलला, कारण नवा धडा शेतावर शिकलेला होता, मांडवात नाही. यावेळी त्यांनी हात खिशात घातला आणि बडीशेपेची पुडी काढली.