काना की वेलांटी?

हंगेरियन भाषेत 'तो' आणि 'ती' मिळून एकच सर्वनाम आहे. 'ए' म्हणताना ओठांचा चंबू केला की साधारण तो उच्चार होतो. बरं, बहुतेकदा तेही वाक्यात नसतंच, नुसतं क्रियापद येतं. मी अनुवादाला घेतलेल्या कथेचा पहिला शब्दच 'मेगेर्केझेत्त'. म्हणजे 'आला'. किंवा 'आली'.

कोण, ते लेखकाने बाराव्या पानावर नाव येईपर्यंत लपवलं होतं. नाव निघालं बाईचं, आणि कथेचा सगळा जीव त्या धक्क्यात. मराठीत मी 'आली' लिहिलं की बारा पानांचं गुपित एका वेलांटीने फुटणार. 'आला' लिहावं तर चक्क खोटं.

कोण आलंय ते माहीत नसलं की आपण 'कोणीतरी आलं' म्हणतो. झकास! पण दुसऱ्याच वाक्यात निवेदक त्या व्यक्तीवर जीव टाकतो, तिथे 'कोणीतरी' कसं चालेल? 'ते आलं, ते खिडकीशी बसलं' केलं तर मांजर डोळ्यांसमोर येतं.

भविष्यकाळ मात्र सोवळा. 'येईल, बसेल, हसेल' दोघांनाही चालतं. पण अख्खी कथा भविष्यात लिहिली की राशिभविष्य होतं. जुन्या वळणाचं 'येई, बसे' करून पाहिलं, तर एकदाच घडलेली भेट रोजचा रतीब झाली. संपादक म्हणाले, "आदरार्थी करा." 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचा' इथपर्यंत ठीक चाललं होतं, पण खुर्चीत बसायची वेळ आली की पुन्हा 'ते बसले' की 'त्या बसल्या'? शिवाय प्रेमप्रकरणात एवढा आदर म्हणजे सत्काराला पाहुणे आल्यासारखं वाटतं.

शेवटी कर्त्याला लपवायचं ठरवलं. 'कोट काढला' यात क्रियापद कोटाच्या मागे जातं, काढणाऱ्याचा पत्ता लागत नाही. 'माझ्याकडे पाहिलं' हेही सुरक्षित. 'बोलला-बोलली' फितूर, पण 'काही म्हटलं नाही' विश्वासू. 'हसली'ऐवजी 'ओठांवर हसू उमटलं'. नुसतं येणं, बसणं, उठणं, जाणं यांनीच जीव नकोसा केला. तिथे 'दारात पावलं वाजली', 'खुर्ची करकरली' असं करत आठ दिवसांत बारा पानं पार पाडली. एकही काना नाही, एकही वेलांटी नाही! पाठवून दिलं आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन. "वाचलं. पावलं वाजतात, खुर्ची करकरते, कोट निघतो, हसू उमटतं, पण माणूस काही दिसत नाही. भुताची कथा फार छान उतरली आहे हो!"

मी कपाळावर हात मारला.

"फक्त एक सुचवू? भूत नपुंसकलिंगीच असतं. सरळ 'ते आलं' लिहिलं असतंत तरी चाललं असतं."