हेडपुढचा आकडा आणि आईच्या नळाचं पाणी

"मामा, बजेटमध्ये प्रत्येक हेडपुढं एक टार्गेट लिहिलं म्हणून नळाला पाणी येणाराय काय? फंड मार्चमध्ये येतोय, आम्ही रिझल्ट कधी दाखवायचा?"
(भाचा, बेळगाव तालुक्यात ग्रामपंचायत मेंबर, आमच्या घरच्या ग्रुपवर)

बजेटात प्रत्येक हेडपुढं, म्हणजे खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढं, त्यातून लोकांना काय मिळालं त्याचा आकडा लिहावा, असं मी ग्रुपवर म्हटलं होतं, त्याला हे उत्तर आलं. चार दिवस हा मेसेज डोक्यातून जाईना. नाईट शिफ्टमध्ये सुद्धा मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

पाणी खात्याचं पान त्यानंच मला फोटो काढून पाठवलेलं. लाईट बिल, मोटर रिपेअर, पाइपलाइन, वॉटरमनचा पगार, ब्लीचिंग पावडर. पुढं मंजूर किती, खर्च किती, बस्स. आता समजा वर्षात मोटर सहा वेळा जळली आणि सहा वेळा दुरुस्त झाली, तर या पानावर पंचायतीनं भरपूर काम केलेलं दिसणार, आणि गावाला विचाराल तर तेच सगळ्यात वाईट वर्ष. शिवाय टार्गेट लिहा म्हटलं की आपल्याकडं लिहिणार काय, तर 'मोटर रिपेअर, ६ नग'. असल्या आकड्यानं पाणी येणार नाही हे भाच्याचं खरंय, पण चूक आकडा लिहिण्याची नाही, कुठला आकडा लिहिला त्याची आहे.

इथं न्यूझीलंडमध्ये आमच्या काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वार्षिक अहवालात पाण्याचा खर्च जिथं येतो तिथंच बाकीची मापं येतात. पाइप फुटल्याचा फोन आल्यापासून माणूस पोचायला किती वेळ आणि काम मिटायला किती वेळ, हजार कनेक्शनमागं तक्रारी किती, गळती किती टक्के, माणशी रोज किती लिटर. २०१३ च्या नियमानं सगळ्या काउन्सिलना हीच मापं ठरवून दिली, आणि ऑडिटर पैशांसारखीच तीही तपासतो. काही वर्षांपूर्वी बऱ्याच काउन्सिलांच्या तक्रारींचे आकडे ऑडिटरनी मान्य केले नव्हते, कारण तक्रारी नीट मोजल्याच नव्हत्या. पैशांचा हिशोब बरोबर, तक्रारींचा हिशोब भरवशाचा नाही, असं छापून आलं! मला तरी हे फार मोठं वाटतं. मी दर तीन महिन्यांनी रेट्स म्हणजे इथली घरपट्टी भरतो, कधी कुणाच्या ऑफिसात जाऊन बसावं लागलं नाही, आणि हे मी ग्रुपवर लिहिलं की सगळ्यांना मी फुशारकी मारतोय असं वाटतं.

आमचे एक काका अकाउंट्समधून रिटायर झालेत, त्यांनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "आकडा ठेवशील, पण कुठल्या हेडपुढं? सरकारी बजेटात पाणीपुरवठ्याचा चालू खर्च २२१५ मध्ये, बांधकाम ४२१५ मध्ये, वित्त आयोगाचे पाण्यासाठीच राखून ठेवलेले पैसे पंचायतीच्या खात्यात वेगळेच. पाणी एकच आणि पैसे तीन ठिकाणी." २००५ साली दिल्लीत केंद्राचं, पैशातून काय साधलं ते सांगणारं पहिलं आउटकम बजेट आलं तेव्हापासून काका हे बघत आलेत. त्यांचं म्हणणं, पैसे एका पुस्तकात आणि परिणाम दुसऱ्या पुस्तकात, मग दुसरं पुस्तक उघडतोय कोण. शहरांच्या पाण्यासाठी २००८ मध्ये केंद्राचं एक हँडबुक निघालं त्यातली एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला माहितीच नव्हती. प्रत्येक आकड्यापुढं तो किती भरवशाचा हे ए ते डी असं लिहायचं. मीटर लावून मोजलं तर वरचा ग्रेड, नुसता अंदाज असला तर डी. आपल्या पंचायतींनी उचलायची तर हीच पद्धत उचलावी असं मला वाटतं. डी लिहायला लाज कसली?

आता भाच्यासाठी हिशोब मांडून दाखवतो, सोयीसाठी गोल आकडे धरलेत. घरं ४००, माणसं २०००. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे गावाला १ लाख १० हजार लिटर. मोटर तासाला १० हजार लिटर चढवते, म्हणजे ११ तास चालायला हवी. थ्री फेज मिळते ७ तास, म्हणजे ७० हजार लिटर, माणशी ३५. तेही टाकीपाशी, खालची गळती वेगळीच. कागदावर काय, नळ ४०० पैकी ४००, खर्च शंभर टक्के. लाईट बिलाच्या हेडपुढं हा ३५ नुसता लिहिला असता तरी ग्रामसभेत कळलं असतं की नवीन पाइप टाकून उपयोग नाही, अडलंय ते मोटरच्या तासांवर.

आणि वॉटरमनच्या वहीत रोज ११ तास लिहिलेले असले तर? १० एचपीची मोटर तासाला साधारण साडेसात युनिट घेते. ११ तासांनी महिन्याला २४०० च्या वर युनिट व्हायला पाहिजेत, ७ तासांनी १६०० च्या आत-बाहेर. वही एक सांगते की दुसरं, ते त्याच पानावरच्या बिलावरून दिसतं. आकडा खर्चाच्या शेजारी बसवायचा तो यासाठी, दुसऱ्या पुस्तकात टाकला तर ही पडताळणी होतच नाही.

थ्री फेज किती तास द्यायची हे पंचायतीच्या हातात नाही, तिथं भाच्याचं म्हणणं मी मान्य करतो. ३५ आले म्हणून पुढच्या वर्षी पैसे कापले तर ज्या गावाला कमी पाणी त्यालाच कमी पैसे, हा उफराटा न्याय झाला. काका म्हणतात पैशाचा धाक नसला तर कुणी मोजणारच नाही. आमचं हे मिटलेलं नाही.

मधेच वहिनी म्हणाली, "भावजी, आमचा उतारा तीन महिने अडकलाय, त्याला कुठलं टार्गेट?" मी म्हटलं पाण्याचं बोलूया, तर ती गप्प बसली, आणि नंतर मला वाईट वाटलं, कारण अर्ज दिल्यापासून कागद हातात पडेपर्यंत किती दिवस हेसुद्धा मापच की. चुलत भाऊ म्हणाला आधी कागद मराठीत द्या म्हणावं, मग तुझं इंडिकेटर. तेव्हा मी चिडलो, प्रत्येक गोष्टीत सीमावाद कशाला म्हणून. पण ते पान माझ्या आईपुढं ठेवलं तर तिला कन्नड वाचता येत नाही, मग तिच्या नळाचा आकडा तिला कोण वाचून दाखवणार? इंग्रजी अहवाल घरबसल्या वाचणाऱ्या मी त्याला गप्प करायला नको होतं.

अजून एक सांगायचं राहिलं. तीन वर्षांपूर्वी मी पैसे पाठवून घरी बोअर मारली, वर टाकी बसवली. तेव्हापासून आई पाण्यासाठी ग्रामसभेला जात नाही. आमच्या पलीकडं लाईनच्या शेवटचं घर आहे, तिथली काकू आणि आई दोघी मिळून भांडायच्या, आता ती एकटीच जाते, आणि आमचा नळ मात्र ४०० मध्ये मोजला जातोच. इथल्या काउन्सिलच्या प्रत्येक दहा वर्षांच्या प्लॅनवर मी सबमिशन म्हणजे माझं म्हणणं लिहून देतो, गावात मात्र माझं घर तेवढं मी प्रश्नातून बाजूला काढलं. भाच्यावर चिडलो त्यातला अर्धा राग याचाच असणार.

काल आईला सांगितलं, बोअर बंद ठेव आणि पंचायतीचा नळ सोडून घागर किती वेळात भरते ते बघ. ती म्हणाली, आमच्याकडं नको, काकूच्या नळाला लावून बघते, खरं काय ते तिथंच कळेल. भाच्याकडं मी तीन महिन्यांची लाईट बिलं मागितलीत. एक आलंय, १५८० युनिटचं.