टीमच्या पानावर वीस माणसं आणि चार सल्लागार?

"अनुभव नसेल तर प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये टीमच्या पानावर चार-पाच मोठे सल्लागार टाका, पहिल्याच वर्षी वीस जणांची भरती दाखवा, आणि स्वतःचा अनुभव नाही हे लिहूच नका. लोन पास."

बँकेचं कर्ज काढायला निघालेल्याला असा सल्ला मिळतो, पण तो चालत नाही. आधी सल्लागारांचं बघू. माझ्या मावसभावाने, आयटीतली नोकरी सोडून पनीरचं युनिट काढायचं म्हणून, रिपोर्टमध्ये अशीच चार नावं टाकली होती. बँकेच्या साहेबांनी एकच विचारलं, "यातले महिन्यातून किती वेळा येणार?" पोरगा गप्प, कारण त्यातल्या दोघांना आपलं नाव टाकलंय हेच माहीत नव्हतं. मग तिघं काढले आणि एकच ठेवला, डेअरीतून रिटायर झालेले प्लांट मॅनेजर. महिन्यातून दोन दिवस येणार, दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, यांचं टेस्टिंग बसवून देणार, पनीरचा उतारा तपासणार, मानधन ६,००० रुपये, आणि त्यांचं सहीचं संमतीपत्र रिपोर्टला जोडलं. सहीचा एक माणूस चार फोटोंपेक्षा जड पडतो राव.

भरतीचं तर विचारूच नका. दहा माणसं झाली की ईएसआयचा कामगार विमा, वीस झाली की पीएफ, हे खर्चाच्या पानावर कुठंय? भावाच्या पहिल्या रिपोर्टमध्ये टीमच्या पानावर आठ जण होते आणि खर्चात पगार महिन्याला ६०,००० रुपये, म्हणजे माणशी साडेसात हजार, एवढ्यात आज कोण येतं? साहेब दोन्ही पानं शेजारी ठेवूनच वाचतात.

नंतर आम्ही भरती महिन्यावर न बांधता दुधावर बांधली. सुरुवात रोज २०० लिटरने, भाऊ स्वतः आणि पनीर बनवणारा एक कारागीर, पगार २२,०००. सलग महिनाभर ३०० लिटर टिकले की हेल्पर १५,०००, आणि ५०० ला पोचलो की टेम्पोचा ड्रायव्हर १६,०००. सल्लागार धरून सुरुवातीला २८,००० आणि सगळे आल्यावर ५९,०००, हेच आकडे खर्चाच्या पानावर. म्हशीचं दूध असलं तर १०० लिटरला साधारण १८ किलो पनीर पडतं, म्हणजे ५०० लिटरला ९० किलो, त्यामुळे तेवढा माल विकायला किती हात लागतात हे कुणालाही ताडून बघता येतं.

आणि अनुभव लपवायचं म्हणाल तर, बायोडेटा वाचला की ते पहिल्या ओळीत कळतंच की. भावाने सरळ लिहिलं: दूध खरेदी आणि उत्पादन येत नाही, हिशेब आणि हॉटेलांना विक्री जमते. खाली प्रत्येक उणिवेसमोर कोण भरून काढणार आणि कधीपासून. साहेबांचा शेवटचा प्रश्न होता, कारागीर सोडून गेला तर? त्यासाठी भाऊ दुसऱ्याच्या युनिटमध्ये पंधरा दिवस राहून पनीर करायला शिकला होता, त्याचा दाखला लावला. पहिल्या दोन घाण्या रबरासारख्या झाल्या होत्या म्हणे, ते मात्र रिपोर्टमध्ये लिहिलं नाही 😄