खुलासा: न खाजणारा फिकट चट्टा

‘चट्टा खाजत-दुखत नाही, तर काळजी नको, मलम लावा.’ जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर हे फिरतंय.

कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत-दुखत नाहीच, कारण रोग तिथल्या नसाच बधिर करतो. चोपड्याकडच्या एका सालदाराच्या हातावर असाच फिकट चट्टा होता (कोडासारखा पांढराशुभ्र नव्हे). डोळे मिटायला सांगून मी कापसाची वात टेकवली. आजूबाजूला त्याने बोटाने बरोबर जागा दाखवली, चट्ट्यावर मात्र गप्प. कोपराच्या आतल्या बाजूची नस दुसऱ्या हातापेक्षा जाड, दोरीसारखी लागली. निदान तिथेच झालं. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, ६ किंवा १२ महिने घ्यायच्या.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.