पोस्टरवरच्या हेक्टरचा एकर करू नका

"परिषदेतल्या पोस्टरचा फोटो घ्या, आलेख तसाच ठेवा, फक्त अक्षरं मराठी करा. हेक्टरऐवजी एकर लिहा, शेतकऱ्याला तेच कळतं. खालची ± आणि a, b ची ओळ गाळली तरी चालतं, ती शास्त्रज्ञांसाठी असते."

शेतीच्या परिषदेतल्या इंग्रजी पोस्टरचा मराठी अनुवाद करताना असा सल्ला कुणी दिला, तर तो पाळू नका. एकरापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे होतो. समजा केळीच्या पोस्टरवर उभ्या अक्षाला `Yield (t ha⁻¹)` लिहिलंय आणि एक स्तंभ ९० पर्यंत गेलाय. तुम्ही फक्त अक्षाचं नाव बदलून 'टन प्रति एकर' केलंत, पण शेजारचे आकडे फोटोतलेच राहिले. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. म्हणजे खरं उत्पादन एकरी ३६ टन, आणि तुमचा आलेख सांगतोय ९०.

ही चूक घरबसल्या पकडता येते. १.५ बाय १.५ मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, एकरी साधारण १,८००. ९० टन हेक्टरी धरले तर झाडामागे केळीचा घड, म्हणजे रास, वीस किलोची पडते. एकरी धरले तर पन्नास किलोची! रावेर-यावलच्या बागायतदाराला हा आलेख दाखवून बघा, तो काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. म्हणून अक्षावर 'उत्पादन (टन प्रति हेक्टर)' एवढंच लिहा. एकराचा हिशेब द्यायचाच असेल तर आलेखाखाली वेगळ्या ओळीत द्या आणि ती ओळ अनुवादकाची आहे हेही सांगा.

फोटोत अक्षरं स्पष्ट दिसतात, हेही अर्धंच खरं. वर चढवलेली बारीक उणे खूण सगळ्यात आधी पुसट होते आणि `dS m⁻¹` चं `dS m1` होतं. `µg` चं `mg` वाचलं तर आकडा थेट हजारपट. अशा वेळी पोस्टरवरचा पद्धतीचा भाग बघा, तेच एकक तिथे बहुधा पुन्हा आलेलं असतं. तिथेही नसेल तर प्रश्नचिन्ह टाका, अंदाज नको. फोटो काढतानाच प्रत्येक अक्षाचा समोरून, जवळून एकेक वेगळा घेतला तर हा त्रास बराच टळतो.

राहिली ती ± ची ओळ. खतांच्या दोन मात्रांच्या स्तंभांवर a आणि ab असेल, तर दोघांत a सामाईक आहे, आणि अक्षर सामाईक असलेल्या स्तंभांतला फरक संख्याशास्त्राने सिद्ध झालेला नसतो. म्हणजे उंच स्तंभाची मात्रा सरस ठरलेली नाही. ओळ गाळली की वाचणारा डोळ्याला दिसणाऱ्या उंचीवर जातो आणि जादा खताचा खर्च करून बसतो. ± पुढचा आकडा SE चा आहे की SD चा, हेही त्याच ओळीत असतं. SE म्हणजे प्रमाण त्रुटी, SD म्हणजे प्रमाण विचलन. n = 3, म्हणजे प्रयोगाच्या तीन पुनरावृत्त्या, असताना SD हे SE च्या सुमारे १.७ पट असतं, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं लिहू नका. मराठी नावाशेजारी मूळ अक्षरं राहू द्या, आणि स्तंभांवरच्या a, b ला अ, ब करू नका.