प्लेटी त्याच, दूध तेच, मग दिशेने काय फरक पडतो?

मागच्या लेखात मी प्लेट हीट एक्स्चेंजरबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पातळ प्लेटींच्या एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने गार प्रवाह नेऊन उष्णता इकडची तिकडे देणारं यंत्र. दोन्ही प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेने गेले की काउंटर फ्लो, एकाच दिशेने गेले की पॅरलल फ्लो, आणि काउंटर फ्लो चांगला असं मी म्हटलं होतं. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया:

"काउंटर फ्लो चांगला हे सगळे पाठ केल्यासारखं लिहितात, तुम्ही पण तेच केलंत. पॅरलल फ्लोमधे सुरुवातीलाच गरम आणि गारमधला फरक सगळ्यात जास्त असतो, मग तिथे उष्णता जास्त जोरात जाणार की नाही? सरासरी काढली तरी पॅरललचीच जास्त येते. प्लेटी त्याच, दूध तेच, नुसती दिशा बदलून काय होतंय? आकडे देऊन दाखवा."

आकडे मागितलेत ते फार बरं केलंत, कारण तुमचा सुरुवातीचा मुद्दा बरोबरच आहे. पॅरललमधे पहिल्या प्लेटींवर उष्णता खरंच जास्त जोरात जाते. गडबड त्याच्या पुढे होते.

आपण डेअरीतलं पाश्चरायझरच घेऊ, ताशी ५००० लिटरचं. कच्चं दूध ४ अंशाला येतं, ७२ अंशाला १५ सेकंद ठेवायचं असतं आणि मग परत ४ अंशाला गार करायचं. आता ७२चं दूध चिलरला द्यायचं आणि ४चं दूध बॉयलरच्या जिवावर तापवायचं म्हणजे दोन्हीकडून पैसे जाणार, म्हणून मधे रीजनरेशनचा भाग असतो, तिथे तापलेलं दूध कच्च्या दुधाला आपली उष्णता देऊन मग पुढे जातं. दोघांच्या मधे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची स्टीलची प्लेट. लोकांना वाटतं अडथळा या स्टीलचा, पण तो त्यातला छोटा हिस्सा आहे, खरा अडथळा प्लेटीला चिकटून रेंगाळणाऱ्या दुधाच्या पातळ थराचा, दोन्ही बाजूंच्या. प्लेटीवर त्या तिरप्या नाळ्या असतात ना, त्या तो थर घुसळून काढायलाच असतात. आणि एका जागी किती उष्णता जाईल हे त्या जागी समोरासमोर असलेल्या दोन दुधांच्या फरकावर ठरतं. दाराशी किती फरक होता याच्याशी त्या जागेला काही देणंघेणं नसतं.

आता आधी मुद्दाम लहान एक्स्चेंजर घेऊ, २ चौरस मीटरला थोडं कमी, म्हणजे काउंटर फ्लोमधे बरोबर निम्मी उष्णता परत मिळेल एवढा. दोन्हीकडे प्रवाह सारखाच आहे, म्हणून एक जेवढे अंश उतरेल तेवढेच दुसरं चढेल. काउंटरमधे कच्चं दूध ४चं ३८ होतं, तापलेलं ७२चं ३८ होतं, आणि कुठल्याही प्लेटीवर मोजा, फरक ३४च. पॅरललमधे दाराशी फरक ६८, पाव वाट गेल्यावर ४१, निम्म्यावर २५, पाऊण वाटेवर १५ आणि शेवटी ९. कच्चं दूध बाहेर पडतं ३३ला.

तुमची सरासरी इथे फसली. तुम्ही ६८ आणि ९ची बेरीज करून निम्मी केलीत, ३८ आणि काहीतरी आलं, ते ३४पेक्षा जास्त दिसलं. पण फरक सरळ रेषेत उतरत नाही, कपातला चहा कसा आधी भराभर निवतो आणि मग कोमट होऊन तसाच बसून राहतो, अगदी तसा उतरतो. जिथे फरक मोठा तिथे तो स्वतःच स्वतःला पटकन संपवतो, त्यामुळे मोठ्या फरकाच्या वाट्याला प्लेटी थोड्या येतात आणि छोट्या फरकाच्या वाट्याला पुष्कळ. पहिल्या एक तृतीयांशात पॅरलल पुढे असतं, उरलेल्या दोन तृतीयांशात मागे. प्लेटी मोजून सरासरी काढली की ती २९ येते, यालाच पुस्तकात लॉग मीन म्हणतात.

तरी तुम्ही म्हणाल की ३८ आणि ३३, एवढंच ना. मग आता प्लेटी नऊपट करा, साधारण १७ चौरस मीटर. काउंटरमधे कच्चं दूध ६५ला बाहेर येतं, तापलेलं ११ला, फरक सगळीकडे जेमतेम ७. पॅरललमधे? ३८. नऊपट करा नाहीतर नव्वदपट करा, ३८च. कारण दोघं एकाच दिशेने चाललेत, एक उतरतंय एक चढतंय, ४ आणि ७२च्या बरोबर मधे दोघांची गाठ पडली की फरक शून्य, पुढच्या सगळ्या प्लेटी नुसत्या उभ्या. काउंटरमधे ही गाठ पडतच नाही, कारण बाहेर पडायच्या आधी कच्च्या दुधाला शेवटचं भेटतं ते नुकतंच आत शिरलेलं ७२चं दूध, आणि तापलेल्या दुधाला शेवटचं भेटतं ते ४चं. म्हणून गार बाजू गरम बाजूच्या उतरलेल्या तापमानाच्याही वर जाऊ शकते, पॅरललमधे ते कधीच शक्य नाही. बिलावर बघायचं तर बॉयलरला ७ अंश चढवायचे की ३४, आणि चिलरला ७ अंश उतरवायचे की ३४, पाचपट फरक, तोही दोन्हीकडे.

हे मी स्वतः हाताने अनुभवलंय. एका छोट्या डेअरीत गॅस्केट बदलून पाश्चरायझर परत जोडला, पाण्यावर ट्रायल घेतली तर पुरेसं न तापलेलं परत टाकीत वळवणारा डायव्हर्जन व्हॉल्व्ह एकसारखा इकडून तिकडे, पाणी पुढे जातंय म्हणेपर्यंत ७२च्या खाली उतरून परत टाकीत. सगळे बॉयलरला दोष देत होते. फ्लो निम्मा केला तेव्हा कुठे ७२ टिकलं, आणि मी रीजनरेशनमधून बाहेर येणाऱ्या दोन पाइपांवर दोन हात ठेवले तर दोन्ही सारखेच गरम. थर्मामीटर लावला, दोन्हीकडे ४९. आत येणारं पाणी २६चं, ७२ आणि २६चा मध्य ४९! गरम बाजूचे इनलेट-आउटलेट उलटे जोडले गेले होते. पाइप बदलले आणि त्याच प्लेटींवर गार बाजू ६७ला आली.

पण एक मान्य करतो, मागच्या लेखात मी काउंटर फ्लो सरसकट चांगला असं लिहिलं ते तसं लिहायला नको होतं. एका बाजूला वाफ पाणी होत असेल किंवा चिलरमधला द्रवरूप गॅस उकळत असेल तर त्या बाजूचं तापमान हलतच नाही, तिथे दिशा कुठलीही ठेवा, उत्तर एकच. आणि काउंटरमधे गरम टोकाला दोन्ही बाजू गरम असतात म्हणून तिथली प्लेट सगळ्यात जास्त तापते, एखादा माल तेवढ्याने करपत असेल तर लोक मुद्दाम पॅरलल घेतात. शिवाय काउंटरमधेही फुकट काही नाही, ९० टक्के परत मिळवायला १७ चौरस मीटर लागले तर ९५ टक्क्यांना ३६च्या आसपास लागतील.

तुमच्याकडे प्लांट असेल तर चार तोंडांना चार थर्मामीटर लावून बघा. प्लेटींवर दुधाचा थर बसत असेल तर गार बाजूचं बाहेरचं तापमान तासातासाने हळूहळू उतरतं आणि आत-बाहेरच्या प्रेशरमधला फरक वाढत जातो. जोडणी उलटी असेल तर प्रेशर नेहमीसारखंच दिसतं आणि दोन्ही आउटलेट पहिल्या मिनिटापासून एकाच आकड्याला येऊन थांबतात.